सोन्याचा भाव पळत असताना ऑर्डर कशी टाकावी: मार्केट, लिमिट आणि स्लिपेज

सोन्यात सौदे करणाऱ्यांच्या दोन तक्रारी सतत ऐकू येतात. पहिली: "स्क्रीनवर ३०००.१० दिसत होते, मग मला ३००१.४० ला का मिळाले?" दुसरी: "भाव माझ्या लिमिटला लागून परत गेला, तरी माझी ऑर्डर तशीच पडून." दोन्ही वेळा राग ब्रोकरवर निघतो. बहुतेक वेळा मात्र झालेले असते ते ऑर्डरच्या प्रकाराप्रमाणेच. मार्केट ऑर्डर टाकता तेव्हा तुम्ही नग मागता आणि भाव बाजारावर सोडता. लिमिट ऑर्डर टाकता तेव्हा भाव मागता आणि नग मिळतील की नाही हे बाजारावर सोडता. दोन्ही गोष्टी एकाच ऑर्डरमध्ये पक्क्या मिळत नाहीत.

बाजार शांत असताना हा फरक जाणवतही नाही. महत्त्वाची आकडेवारी जाहीर होते त्या मिनिटात मात्र तो थेट पैशांत मोजावा लागतो. म्हणून हा लेख त्या मिनिटापुरताच आहे: आधी काय ठरवायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे चुकते.

उदाहरणातले सगळे भाव समजण्यासाठी धरलेले आहेत. ते डॉलर प्रति औंस आहेत आणि एक कॉन्ट्रॅक्ट १०० औंसांचे आहे. न्यूयॉर्कच्या कोमेक्स बाजारातले मुख्य सोन्याचे फ्युचर एवढेच असते. त्यात भावाचा सर्वांत लहान टप्पा ०.१० डॉलर, म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टमागे १० डॉलर. तिथलाच मायक्रो कॉन्ट्रॅक्ट १० औंसांचा असतो.

## टप्पा १: तुमची ऑर्डर जाते कुठे, ते आधी बघा

फ्युचरमध्ये तुमची ऑर्डर एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकात जाते. तिथे आस्क बाजूला विकणाऱ्यांची आणि बिड बाजूला घेणाऱ्यांची रांग भावागणिक लागलेली असते. कोणत्या भावाला किती कॉन्ट्रॅक्ट उभे आहेत हे मार्केट डेप्थच्या खिडकीत दिसते. तुम्ही घेता तेव्हा आस्कच्या रांगेतून उचलता. पहिल्या भावाचे नग संपले की पुढचा, मग त्याच्या पुढचा.

स्पॉट सोन्यात, म्हणजे प्लॅटफॉर्मवर `XAUUSD` नावाने दिसणाऱ्या सौद्यात, समोर एक्स्चेंज नसते. तिथे डीलर तुम्हाला दोन भाव देतो आणि सौदा त्याच्याशी होतो. बातमीच्या वेळी तो दोन्ही भावांतले अंतर, म्हणजे स्प्रेड, वाढवतो. तुमची ऑर्डर त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर भाव बदललेला असेल तर नवा भाव लागतो. काही खात्यांत मागितलेला भाव मिळेना तर ऑर्डर नाकारली जाते किंवा नवा भाव पुढे केला जातो, तर काही खात्यांत जो असेल तो भाव लागतो. आपले खाते यांपैकी कोणते, हे खात्याच्या अटींत एक्झिक्युशनच्या कलमात लिहिलेले असते. ते कलम आधी वाचा.

तपासा: कॉन्ट्रॅक्ट किती औंसांचे आहे? भाव एका डॉलरने हलला तर तुमचे किती डॉलर हलतात? याचे उत्तर तोंडपाठ नसेल तर पुढच्या टप्प्यातली आकडेमोड चुकणारच.

## टप्पा २: कोणत्या मिनिटाला बुक रिकामे होते, ते लिहून ठेवा

स्लिपेज, म्हणजे समोर दिसलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, भाव पळाल्यामुळे होते असे लोक धरून चालतात. ते अर्धेच खरे. भाव पळण्याआधीच समोरचे नग कमी झालेले असतात, आणि म्हणूनच तो तेवढा पळतो. दोन्ही बाजूंना सतत भाव लावून बसणाऱ्या मोठ्या संस्था बातमीच्या काही सेकंद आधी आपल्या ऑर्डरी काढून घेतात. आकडा कसाही आला तरी जुना भाव लावून बसणे त्यांना परवडत नाही. एरवी प्रत्येक भावाला पाच-दहा कॉन्ट्रॅक्ट असणारे बुक त्या क्षणी विरळ होते आणि मधले भाव तर चक्क रिकामे असतात.

सोन्याला सर्वांत जास्त हलवणाऱ्या वेळा माहीत असतात. अमेरिकेचा रोजगार अहवाल, बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आणि महागाईचा निर्देशांक, दोन्ही न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी ८:३० ला येतात. फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय दुपारी २ ला आणि अध्यक्षांची पत्रकार परिषद २:३० ला. या शेवटच्या जोडीत अनेक जण फसतात. निर्णयाचा धक्का ओसरला असे समजून २:२५ ला पोझिशन घेतात आणि पाच मिनिटांनी दुसरा धक्का बसतो.

इशारा: अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. तुमच्याकडे घड्याळ बदलत नसेल, किंवा वेगळ्या तारखेला बदलत असेल, तर तुमच्या वहीतली वेळ एका रात्रीत तासाने चुकते. वेळ नेहमी न्यूयॉर्कची लिहा आणि त्या दिवशी स्वतःच्या घड्याळाशी जुळवा.

याशिवाय कोमेक्सचे इलेक्ट्रॉनिक सौदे रोज न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ ते ६ बंद असतात आणि आठवड्याअखेरीस शुक्रवार ते रविवार संध्याकाळपर्यंत. उघडल्याबरोबरची मिनिटेही अशीच विरळ असतात, आणि मधल्या काळात घडलेल्या गोष्टींमुळे भाव थेट दुसऱ्याच ठिकाणी उघडू शकतो.

## टप्पा ३: नग ठरवा, स्लिपेज आधीच धरून

सर्वांत जास्त गाळला जाणारा टप्पा हाच. लोक तोटा थांबवण्यासाठी लावलेल्या स्टॉप ऑर्डरचे अंतर मोजतात, त्यावरून नग काढतात आणि स्लिपेज म्हणजे नशीब असे म्हणून सोडून देतात. त्यापेक्षा स्लिपेजला आधीच खर्चाच्या रकान्यात टाका.

समजा एका सौद्यात जास्तीत जास्त ५,००० डॉलर गमवायची तयारी आहे आणि स्टॉप ४ डॉलर खाली लावायचा आहे. साध्या हिशोबाने एका कॉन्ट्रॅक्टमागे तोटा ४०० डॉलर, म्हणून १२ कॉन्ट्रॅक्ट बसतात.

आता आत जाताना १ डॉलर आणि बाहेर पडताना सव्वा डॉलर घसरेल असे धरा. मग औंसामागे धोका ६.२५ डॉलर झाला, कॉन्ट्रॅक्टमागे ६२५. आणि ५,००० मध्ये बसतात फक्त ८.

```
नग = कमाल तोटा ÷ ((स्टॉपचे अंतर + आत स्लिपेज + बाहेर स्लिपेज) × औंस)
८  = ५००० ÷ ((४ + १ + १.२५) × १००)
```

बारा आणि आठ यांतला फरक पाहिला की कळते, बातमीच्या दिवशी "स्टॉप लावूनही ठरवल्यापेक्षा जास्त गेले" असे का होते. नग शांत बाजाराच्या मापाने काढलेले असतात. स्लिपेजचे हे आकडे कुठून आणायचे? स्वतःच्या नोंदींतून, त्याबद्दल टप्पा ६ मध्ये. नोंदी नसतील तर अंदाज मोठा धरा आणि नग कमी करा. १०० औंसांच्या कॉन्ट्रॅक्टने हिशोब बसत नसेल तर मायक्रो वापरा, पण स्टॉप जवळ ओढून नग वाढवू नका. ४ डॉलरचा स्टॉप २ डॉलरवर आणला तरी स्लिपेज तेवढेच राहते, आणि तोट्यातला त्याचा वाटा उलट वाढतो.

## टप्पा ४: आत जाण्याची ऑर्डर

तेच ८ कॉन्ट्रॅक्ट घ्यायचे आहेत. बातमीच्या दहा मिनिटे आधी आस्क बाजू अशी आहे:

- ३०००.१० ला ४
- ३०००.२० ला ७
- ३०००.३० ला ६

इथे मार्केट ऑर्डर टाकली तर ४ नग ३०००.१० ला आणि ४ नग ३०००.२० ला मिळतील. सरासरी ३०००.१५. पहिल्या आस्कपेक्षा ०.०५ जास्त, म्हणजे ८०० औंसांवर ४० डॉलर. याला फारसे कोणी स्लिपेज म्हणणारही नाही.

आकडा आला त्या सेकंदाला बुक असे झाले:

- ३०००.१० ला १
- ३०००.५० ला १
- ३००१.१० ला २
- ३००२.१० ला ५

पहिला भाव अजूनही ३०००.१० च आहे. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत तोच दिसतो आणि तो पाहून लोक बटण दाबतात. मार्केट ऑर्डर मात्र रांगेत वर चढत जाते: १, १, २ आणि उरलेले ४ थेट ३००२.१० ला. सरासरी ३००१.४०. पहिल्या आस्कपेक्षा १.३० जास्त, ८०० औंसांवर १,०४० डॉलर. कोणी फसवले नाही. दिसणाऱ्या भावाला मुळात एकच नग होता.

इथे तीन मार्ग आहेत.

मार्केट ऑर्डर. पूर्ण भरते, भाव कोणताही. एक बारकावा लक्षात ठेवा: कोमेक्स चालवणाऱ्या सीएमईच्या प्रणालीत मार्केट ऑर्डरलाही संरक्षणाची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत जेवढे नग मिळतील तेवढे भरतात आणि उरलेले मर्यादेच्या भावाला लिमिट ऑर्डर होऊन पडून राहतात. "मार्केट टाकली म्हणजे भरलीच" असे गृहीत धरून स्क्रीनवरून नजर काढू नका.

खाली लावून ठेवलेली लिमिट ऑर्डर. समजा २९९९.५० ला घ्यायची लिमिट लावली. स्लिपेज शून्य, पण दोन अडचणी. एकाच भावाला आधी आलेल्याचा नंबर आधी, म्हणून तुमच्या पुढे २० नग असतील आणि त्या भावाला १५ च विकले गेले तर भाव "लागून" जातो आणि तुमची ऑर्डर तशीच राहते. वरची दुसरी तक्रार हीच. आणि अशी ऑर्डर उचलून दुसऱ्या भावाला लावली की रांगेतला नंबरही जातो. दुसरी अडचण जास्त महाग आहे. भाव वर गेला तर तुम्ही बाहेरच, आणि भाव जोरात खाली कोसळत असेल तेव्हा मात्र ऑर्डर हमखास पूर्ण भरते. म्हणजे नको त्या वेळी नेमका माल हाती येतो. बातमीच्या आधी दोन्ही बाजूंना लिमिट लावून बसणाऱ्यांचे असेच होते.

आस्कच्या वर लावलेली लिमिट ऑर्डर. माझ्या मते वेगाच्या बाजारात आत जायला हीच बरी. आस्क ३०००.१०, आत येतानाचे स्लिपेज आपण १ डॉलर धरले होते, म्हणून घेण्याची लिमिट ३००१.१०. ही ऑर्डर मार्केटसारखीच लगेच रांगेतून उचलू लागते, पण ३००१.१० च्या पुढे जात नाही. वरच्या बुकात १, १ आणि २ असे ४ नग मिळाले, सरासरी ३०००.७०. स्लिपेज ०.६०, ४०० औंसांवर २४० डॉलर. उरलेले ४ मिळाले नाहीत. न मिळू देत. ते ३००२.१० ला घ्यायची आपली तयारीच नव्हती.

लिमिट आस्कच्या वर लावली म्हणजे सगळे नग त्याच महाग भावाला मिळतील ही भीती नवख्यांना असते. तसे होत नाही. समोर जो स्वस्त भाव उभा आहे तो आधी मिळतो, लिमिट ही फक्त कमाल मर्यादा.

उरलेल्या नगांचे काय करायचे हे ऑर्डरच्या मुदतीवर ठरते. मुदत `Day` असेल तर ते ४ नग ३००१.१० ला बिड होऊन पडून राहतात. भाव वर जाऊन उलटला की नेमका उतरताना ते भरतात, आणि तोवर सौद्याचे कारणच संपलेले असते. मुदत `IOC` निवडली तर लगेच मिळतील तेवढे नग घेऊन बाकी आपोआप रद्द होते. बातमीच्या मिनिटात `IOC` च निवडा. `FOK` निवडली तर सगळे ८ एकदम मिळाले तरच सौदा होतो, नाहीतर काहीच नाही. विरळ बुकात ती बहुधा रिकामीच परत येते.

इशारा: भाव ३००५ च्या वर गेला तरच घ्यायचे, म्हणून `Buy Limit` ३००५ ला टाकू नका. बाजार ३०००.१० ला असेल तर ती त्याच क्षणी भरेल, कारण ३००५ ही फक्त कमाल मर्यादा आहे. (काही प्लॅटफॉर्म अशी ऑर्डर स्वीकारतच नाहीत, ते तुमचे नशीब.) वरचा भाव ओलांडल्यावर घ्यायचे असेल तर `Buy Stop` लागते. भावाची कमाल मर्यादाही हवी असेल तर `Buy Stop Limit`. उलट विकताना हीच चूक खालच्या भावाला होते.

इशारा: बटण दाबल्यावर स्क्रीन गोठली तर पुन्हा दाबू नका. आधी ऑर्डरींची आणि पोझिशनची यादी उघडा. वेगाच्या बाजारात दुप्पट पोझिशन होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दुसऱ्यांदा दाबलेले बटण.

## टप्पा ५: स्टॉप लावण्याआधी किती भरले ते बघा

ठरवले होते ८, मिळाले ४. अनेकांचा स्टॉप मात्र ८ चाच लागलेला असतो, कारण तो आधीच भरून ठेवलेला होता. तो चालला तर ४ विकून पोझिशन शून्य होते आणि हातात नसलेले पुढचे ४ विकून तुम्ही शॉर्ट होता, तेही भाव कोसळल्यानंतर, तळाशी. म्हणून क्रम पक्का: आधी भरलेले नग बघा, मग तेवढ्याच नगांचा स्टॉप. आत जाण्याच्या ऑर्डरबरोबरच स्टॉप लावणारी ब्रॅकेट ऑर्डर प्लॅटफॉर्मवर असेल तर अर्धवट भरल्यावर ती स्टॉपचे नग आपोआप जुळवते का, हे शांत दिवशी लहान नगावर करून बघा.

आता स्टॉप कोणत्या प्रकारचा? आत जाताना जी लिमिट चांगली, ती बाहेर पडताना धोक्याची ठरते. आत जाताना ऑर्डर भरली नाही तर एक संधी हुकते. बाहेर पडताना भरली नाही तर तोटा चालूच राहतो.

आपल्या उदाहरणात ४ नग ३०००.७० सरासरीने हातात आहेत. स्टॉपचा ट्रिगर, म्हणजे तो ज्या भावाला चालू होतो तो भाव, ठरल्याप्रमाणे ३०००.१० पासून ४ डॉलर खाली, २९९६.१०. भाव आधी वर गेला, मग उलटून खाली आला आणि ट्रिगर लागला त्या क्षणी पहिली बिड २९९५.२० वर होती. मधल्या भावांना कोणी घेणाराच नव्हता.

स्टॉप-मार्केट असेल तर ट्रिगर लागताच ती मार्केट ऑर्डर होते. समजा सरासरी २९९४.९० ला विकले गेले. ट्रिगरपासून स्लिपेज १.२०, ४०० औंसांवर ४८० डॉलर. एकूण तोटा औंसामागे ५.८०, म्हणजे २,३२० डॉलर. जीव जळतो, पण चार कॉन्ट्रॅक्टसाठी आपण ६२५ च्या हिशोबाने २,५०० धरलेच होते. तोटा मर्यादेत आहे.

त्याच जागी स्टॉप-लिमिट असती, ट्रिगर २९९६.१० आणि लिमिट २९९५.६० अशी, तर ट्रिगर लागल्यावर २९९५.६० ला विकायची ऑर्डर बुकात जाऊन बसली असती. बाजार त्याच्या खाली. भाव तसाच उतरत २९८९.७० ला गेला तर तोटा औंसामागे ११ डॉलर, म्हणजे ४,४०० डॉलर, आणि पोझिशन अजून उघडीच. ४८० डॉलरचे स्लिपेज वाचवायला गेलो आणि २,००० हून अधिक वर गेले. भाव परत वर आला तर स्टॉप-लिमिटवाल्याला चांगला भाव मिळतो हे खरे, आणि असे दोन-तीन वेळा झाले की त्याचीच सवय लागते. तोटा थांबवण्यासाठी मात्र मी स्टॉप-मार्केटच वापरतो. नफ्याच्या बाजूला साधी लिमिट ऑर्डर ठीक आहे. तिथे भरली नाही तर घाईचे काही नसते.

स्टॉप-लिमिट लावायचीच असेल तर ट्रिगर आणि लिमिट यांतले अंतर निदान बाहेर पडतानाच्या धरलेल्या स्लिपेजएवढे तरी ठेवा. वरच्या उदाहरणात ते ०.५० होते, धरलेले स्लिपेज १.२५. सव्वा डॉलरचे अंतर ठेवले असते तर लिमिट २९९४.८५ च्या आसपास आली असती, टप्प्यात बसवून २९९४.८०, आणि २९९४.९० सरासरीच्या त्या विक्रीतला बराच माल निघाला असता.

तपासा: सीएमईच्या बाजारात स्टॉपलाही मार्केट ऑर्डरसारखी संरक्षणाची मर्यादा असते. फारच मोठ्या उडीत उरलेले नग मर्यादेच्या भावाला पडून राहू शकतात. स्टॉप चालल्याचा आवाज आला तरी पोझिशन शून्य झाली का, हे पोझिशनच्या यादीत बघा.

इशारा, स्पॉटवाल्यांसाठी: प्लॅटफॉर्मचा चार्ट बहुतेक ठिकाणी बिडचा असतो. तुम्ही शॉर्ट असाल तर तुमचा स्टॉप आस्कवर चालतो. बातमीच्या सेकंदाला स्प्रेड ०.३० वरून २ डॉलरवर गेला तर चार्टवर भाव स्टॉपपर्यंत पोचलेला दिसतच नाही आणि तरी पोझिशन बंद झालेली असते. आस्कची रेषा चार्टवर चालू करा. आणि शॉर्टचा स्टॉप ठरवताना तेव्हाचा फुगलेला स्प्रेड त्यात मिळवा.

## टप्पा ६: सौद्यानंतर स्लिपेज मोजा

टप्पा ३ मधला १ डॉलर आणि सव्वा डॉलर हे आकडे इथून येतात. मोजताना एकच चूक बहुतेक जण करतात: भरलेला भाव चार्टवरच्या मेणबत्तीशी ताडून पाहतात. एका मिनिटाच्या मेणबत्तीत अख्खे मिनिट मावलेले असते. त्यातल्या कुठल्या सेकंदाला तुमची ऑर्डर पोचली हे तिच्यातून कळत नाही. तुलना करायची ती बटण दाबताना समोर असलेल्या भावाशी. घेत असाल तर तेव्हाचा आस्क, विकत असाल तर तेव्हाची बिड, आणि स्टॉप असेल तर ट्रिगरचा भाव.

प्रत्येक सौद्याची एक ओळ पुरते: वेळ सेकंदासह, ऑर्डरचा प्रकार, मागितलेले नग, भरलेले नग, त्या क्षणी समोरचा भाव, भरल्याची सरासरी आणि फरक. बातमीच्या वेळचे सौदे आणि शांत वेळचे सौदे वेगवेगळ्या पानांवर ठेवा. एकत्र सरासरी काढली तर शांत सौद्यांच्या गर्दीत बातमीचे स्लिपेज बुडून जाते आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा बारा कॉन्ट्रॅक्ट घेता. सरासरीपेक्षाही वाईट सौद्यांकडे बघा. दहातल्या सर्वांत वाईट एक-दोन सौद्यांत जेवढे घसरले, तेवढे टप्पा ३ मध्ये धरा.

नोंदींत एक खूण खास शोधा. शेअर बाजार असो की सोने, स्लिपेज कधी तुमच्या विरुद्ध जाते तर कधी बाजूनेही व्हायला हवे, विशेषतः बाजारात लगेच भरणाऱ्या ऑर्डरींत. भाव तुमच्या बाजूने पळत असतानाही मागितलेल्यापेक्षा चांगला भाव एकदाही मिळाला नाही आणि विरुद्ध पळताना मात्र दर वेळी वाईट भाव लागला, असे शांत आणि वेगवान दोन्ही पानांवर दिसत असेल, तर ते बुकातल्या रिकामेपणाचे काम नाही. तेव्हा मात्र पहिल्या टप्प्यातले एक्झिक्युशनचे कलम पुन्हा काढा आणि सेकंदासह लिहिलेल्या ओळी समोर ठेवून ब्रोकरला लेखी विचारा: ऑर्डर कोणत्या क्षणी पोचली, कोणत्या भावाला भरली आणि त्या क्षणी तुमचा भाव काय होता.